आठवडी बाजारातून नववीला शिकवलेले टॅक्सचे स्लॅब

नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे आणि त्यातच प्राप्तिकर येतो. पुस्तकातल्या तक्त्यातले स्लॅब जुने झालेत, पण ती अडचण किरकोळ आहे. खरी अडचण अशी की मुलं ‘इतके रुपये अधिक वरच्या रकमेवर इतके टक्के’ ही ओळ पाठ करतात, गणित बरोबर सोडवतात, आणि तरीही ‘स्लॅब ओलांडला की सगळ्याच कमाईवर जास्त टॅक्स लागतो’ असं मनापासून मानत राहतात. मोठी माणसंही हेच मानतात. पगारवाढ नको म्हणणारे लोक तुम्हीही पाहिले असतील.

नागपूरजवळच्या एका शाळेत नोव्हेंबर २०२५ मध्ये हा धडा आठवडी बाजाराच्या उदाहरणावर बसवून घेतला. कुणाला तसाच घ्यायचा असेल तर पुढचे आकडे, मापं आणि अडचणी कामी येतील.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर आधी परवानगी. मूळ विचार मुलांना प्रत्यक्ष बाजारात नेण्याचा होता. पण वर्ग शाळेबाहेर न्यायचा म्हटलं की प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, सोबत दुसरे शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालणं, असं सगळं ओघानं येतं. मुख्याध्यापकांनी त्याऐवजी पाठाचं टाचण लेखी मागितलं आणि बाजार वर्गातच भरवा म्हणाले. टाचण देऊन होकार यायला आठवडाभर गेला. होकारापेक्षा जोड तासिका मिळवणं कठीण गेलं. एका तासिकेत हा खेळ अर्ध्यावर तुटतो आणि तुटला की मुलांच्या डोक्यात चुकीचा अर्धाच राहतो. म्हणून कार्यानुभवाची तासिका मागून घेतली आणि सोमवार, २४ नोव्हेंबर ठरला.

मधल्या आठवड्यात आकडे गोळा केले. ज्यांच्या घरचं कुणी बाजारात बसतं अशा मुलांना विचारून यायला सांगितलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘काका, दिवसाचे किती कमावता?’ असं विचारलं की समोरचा माणूस आधी ‘तुला कोणं पाठवलं?’ म्हणतो आणि मग काहीच सांगत नाही. ‘माल कितीला पडला, किती विकला, किती सडला’ एवढंच विचारलं तर तो दहा मिनिटं बोलतो. नफा आपण वहीत काढायचा.

एका संत्रेवाल्याचा हिशेब असा जुळला. नागपूरच्या कळमना बाजारातून २० किलोचे ३ क्रेट, ८५० रुपयांना एक, म्हणजे २,५५० रुपये. ऑटोचे १८०, बाजाराच्या पावतीचे २०, पिशव्यांचे ४०. एकूण खर्च २,७९०. साठ किलोतून चार किलो दबून-सडून गेला. उरलेल्या छप्पन्नपैकी ४० किलो सत्तर रुपयांनी गेला आणि संध्याकाळी भाव पाडून १६ किलो पन्नास रुपयांनी. गल्ल्यात आले ३,६००. हाती राहिले ८१०.

हा हिशेब फळ्यावर पूर्ण मांडणं टाळू नका. नाहीतर निम्मा वर्ग ३,६०० वरच टॅक्स काढायला बसतो. प्राप्तिकर विक्रीवर नसतो, खर्च वजा जाऊन जे उरतं त्यावर असतो, हे संत्र्याच्या क्रेटवरून एकदा कळलं की परत सांगावं लागत नाही.

असे सहा दुकानदार ठरवले आणि वर्गाचे सहा गट केले. बाकीच्यांचे आकडे मुलांच्या माहितीवरून घेतले, पण सरळ-सोपे आणि प्रत्येक टप्प्यात कुणीतरी पडेल असे बसवले. भांडी आणि कापडवाल्याचे तर मुद्दाम फुगवले. कारण वर्गातल्या बाजाराचे स्लॅब खऱ्या स्लॅबचेच हजारावा भाग ठेवायचे होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, मग दर चार लाखांना १०, १५, २०, २५ आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के आहे. आपल्या बाजारात लाखाचे शंभर करायचे. पहिल्या ४०० वर काही नाही, पुढच्या ४०० वर ५ टक्के, त्यापुढच्या ४०० वर १०, असं. नवी प्रणाली शिकवायला सोपी ती यामुळेच, प्रत्येक डबा सारखाच मोठा.

साहित्याला २४० रुपये लागले: चार्टपेपर सहा, झेरॉक्स, रंगीत कागद आणि चिकटपट्टी. नोटांबाबत सावध राहा. खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे, शाळेच्या खेळासाठीसुद्धा. नोट झेरॉक्स करू नका. ४ बाय ६ सेंटिमीटरची साधी कुपनं करा आणि त्यावर फक्त १००, १०, ५, १ लिहा. एका कागदावर वीस बसतात. शंभराची ८० पुरली, दहाची ४०, बाकी सुट्टे थोडे.

चार्टपेपरवर सहा चौकटी आखायच्या, प्रत्येक साडेबारा बाय साडेआठ सेंटिमीटर. या मापात शंभराची बरोबर चार कुपनं बसतात. पाचवं मावतच नाही, ते पुढच्या चौकटीतच जातं. धड्याचा सगळा जीव या मापात आहे, म्हणून चौकटी ऐसपैस काढायचा मोह आवरा. पहिल्या चौकटीवर ०, मग ५, १०, १५, २०, २५ टक्के. आपल्या बाजारात कुणाची कमाई २,४०० च्या वर नाही, म्हणून ३० टक्क्यांची चौकट लागत नाही.

तासिकेची सुरुवात स्लॅबने करायची नाही. सुरुवात पावतीने. बाजारात जागेची पावती फाडली जाते हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, बुधवारी बाजारात गेलेलं शहरातलं मूलही ते सांगतं. फळ्यावर लिहिलं: आपल्या ग्रामपंचायतीला बाजाराची झाडझूड, दिवा आणि पाण्याच्या टँकरसाठी आजच्या दिवशी ४८० रुपये लागतात. कसे गोळा करायचे ते तुम्ही ठरवा.

पहिलं उत्तर लगेच येतं. सहा दुकानं आहेत, प्रत्येकी ८० रुपये. सांबार म्हणजे कोथिंबीर विकणाऱ्या गटाने ३०० मधून ८० मोजून दिले आणि त्यांच्या हातातली कुपनं बघून तेच ओरडले. कापडवाल्यांना २,१०० मधले ८० गेल्याचं कळलंही नाही. सांबारवाल्याचा चौथा हिस्सा गेला, कापडवाल्याचे शंभरातले चारही नाही.

दुसरं उत्तर: सगळ्यांना सारखे टक्के. एकूण कमाई ६,८७० आहे, तेव्हा ७ टक्के घेतले की ४८० रुपये ९० पैसे जमतात. हे बऱ्याच मुलांना न्याय्य वाटतं आणि तसं वाटण्यात काही गैर नाही. इथे आपलं मत लादू नये. फक्त विचारायचं की सांबारवालीचे २१ रुपये आणि कापडवाल्याचे १४७ घरी जाऊन सारखेच बोचतील का. पाच मिनिटं भांडू द्यावं आणि मग चार्टपेपर वाटावेत.

चौकटी भरताना प्रत्येक गट आपली कुपनं डावीकडून ठेवत जातो. संत्रेवाल्यांची चार पहिल्या चौकटीत, चार दुसऱ्या चौकटीत, आणि दहाचं एक कुपन तिसऱ्या चौकटीत एकटं. मग प्रत्येक चौकटीखाली तिच्यापुरता टॅक्स लिहायचा. पहिलीचा शून्य, दुसरीचा ४०० चे ५ टक्के म्हणजे २०, तिसरीचा १० चे १० टक्के म्हणजे १ रुपया. एकूण २१.

तिन्ही पद्धतींचा तक्ता फळ्यावर असा उतरला:

| दुकान | कमाई | सारखी पावती | ७ टक्के | स्लॅब |
|---|---|---|---|---|
| सांबार-पालक | ३०० | ८० | २१ | ० |
| चहा-भजी | ६०० | ८० | ४२ | १० |
| संत्री | ८१० | ८० | ५६.७० | २१ |
| भिवापुरी मिरची | १,३६० | ८० | ९५.२० | ८४ |
| भांडी | १,७०० | ८० | ११९ | १४० |
| कापड | २,१०० | ८० | १४७ | २२५ |

तिन्ही रकान्यांची बेरीज (पैसे सोडून) ४८० येईल असेच आकडे निवडले आहेत. बदलायचे असतील तर ही बेरीज आधी जुळवून घ्या. रक्कम वेगवेगळी आली तर मुलं ‘कोणत्या पद्धतीने जास्त जमले’ यावरच अडकतात आणि ओझं कुणाकडून कुणाकडे सरकलं ते बघत नाहीत. मिरचीवाला तिन्ही रकान्यांत जवळपास तिथल्या तिथेच राहतो, हेही दाखवण्यासारखं.

चौकटी भरूनही गैरसमज गेला असेल असं धरू नका. संत्र्याच्या गटातल्या एका मुलाने चार्टकडे न बघता वहीत वेगळंच गणित केलं होतं. कमाई ८१०, तिसरा स्लॅब, १० टक्के, टॅक्स ८१. हातात ७२९. शेजारच्याला ८०० वर ५ टक्क्यांनी ४० लावले, हातात ७६०. आणि मग तो म्हणाला, ‘सर, मंग दहा रुपयांसाठी एवढं नुकसान कायले करून घ्यायचं? शेवटचे दोन-चार संत्रे गाईले टाकून देऊ ना!’

त्याचा तर्क अगदी बिनचूक होता, चुकला होता तो पाया. म्हणून अशा मुलाला ‘चूक’ म्हणायचं नाही. त्याच्याच चार्टवरून तिसऱ्या चौकटीतलं दहाचं कुपन उचलायला सांगायचं. टॅक्स किती झाला? २०. हातात ७८०. आता कुपन परत ठेव. टॅक्स २१, हातात ७८९. दहा जास्त कमावले तर नऊ घरी आले. त्याने स्वतःच कुपन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं आणि मग विचारलं, ‘म्हणजे मागच्या डब्यातल्या पैशाले काहीच होत नाही?’ हा प्रश्न वर्गातून येईपर्यंत थांबण्यासारखं आहे. आपण आधीच सांगून टाकलं तर ती परत एक पाठ करायची ओळ होते.

यानंतर पुस्तकाचा तक्ता उघडायचा. पुस्तकात ‘१२,५०० अधिक ५ लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के’ अशी रचना असते. ते १२,५०० कुठून आले हे मुलांना कोणी विचारत नाही. ते आधीच्या पूर्ण भरलेल्या चौकटीचे आहेत, अडीच लाखांचे ५ टक्के. आपल्या बाजारात तेच आकडे २०, ६०, १२०, २०० असे चढत जातात. मिरचीवाल्याचं गणित मग एका ओळीत होतं: ६० अधिक, १,२०० च्या वरच्या १६० वर १५ टक्के म्हणजे २४, एकूण ८४.

बाकी अडचणी छोट्या आहेत. बरोबर ४०० कमाई असेल तर कुठे धरायची, असा वाद होतो. पहिल्या चौकटीत, चार कुपनं मावतात म्हणून. एका गटाने दोन कुपनं चार्टखाली दडवली आणि कमाई कमी सांगितली. याला रागावण्याऐवजी तिजोरीची बेरीज करून दाखवली: ४८० भरत नाहीत, टँकर येत नाही. वर्गानेच त्यांना धरलं.

दुसऱ्या दिवशीची एक तासिका खेळ आणि खरा कायदा यांतलं अंतर सांगायला राखून ठेवावी, आणि ती टाळता येत नाही. नाहीतर मुलं घरी जाऊन सांगतील की संत्रेवाला टॅक्स भरतो. दिवसाचे ८१० कमावणारा माणूस वर्षात ३०० दिवस बसला तरी २ लाख ४३ हजार होतात, म्हणजे पहिल्याच चौकटीत. टॅक्स वर्षाच्या उत्पन्नावर असतो, एप्रिल ते मार्च. आपल्या खेळातला ८१० म्हणजे वर्षाचे ८ लाख १० हजार.

लगेच पुढचा प्रश्न येतो: शेतकऱ्याला तर टॅक्सच नसतो ना? काटोल-नरखेडकडची मुलं हा प्रश्न विचारणारच. स्वतःच्या बागेतली संत्री विकली तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर प्राप्तिकर नाही. कळमन्यातून क्रेट घेऊन विकले तर तो धंदा. ओट्यावर दोघं शेजारी बसलेले असतात, माल सारखाच दिसतो, पण कायद्याच्या नजरेत उत्पन्न वेगळं. शेतीसोबत दुसरंही उत्पन्न असेल तर दर ठरवताना काही वेळा शेतीची रक्कम मोजली जाते, पण नववीला तिथे शिरू नये.

जीएसटीचाही घोळ होतो. ‘जीएसटीचा १८ टक्क्यांचा स्लॅब’ असं बातम्यांत ऐकलेलं असतं, त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलल्यामुळे ते ताजंच होतं. तिथे स्लॅब म्हणजे वस्तूनुसार दर. पूर्ण किमतीवर एकच दर लागतो, चौकटी भरत जायच्या नसतात. हे दोन वाक्यांत सांगून पुढे जावं, दहावीत जीएसटी आहेच.

सगळ्यात नाजूक भाग १२ लाखांच्या सवलतीचा. ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे प्रत्येक घरात ऐकलेलं आहे आणि फळ्यावर मात्र ४ लाखांपासूनच टॅक्स सुरू होतो. मुलं इथे शिक्षकालाच चुकीचा ठरवतात. उत्तर असं: चौकटी भरून १२ लाखांवर ६०,००० टॅक्स निघतो, आपल्या बाजारात १,२०० वर ६०. तो आधी काढायचा आणि मग कलम ८७ए नुसार तेवढी सूट द्यायची. नोकरदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी मिळते, म्हणून त्याचा आकडा पावणेतेरा लाखांवर जातो.

यात गंमत अशी की संत्र्याच्या गटातल्या मुलाची भीती इथे जवळजवळ खरी ठरते. १२ लाख १० हजारांवर चौकटींप्रमाणे ६१,५०० निघतात आणि सूट गेलेली असते. दहा हजार जास्त कमावले म्हणून साडेएकसष्ट हजार जातील. ते टाळायला कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे, त्यामुळे १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम तेवढाच टॅक्स, म्हणजे १०,०००. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत ही सवलत चालते, त्यापुढे चौकटींच्या हिशेबाने निघणारा टॅक्सच कमी असतो. तेवढ्या पट्ट्यात मात्र वरचा प्रत्येक रुपया टॅक्समध्येच जातो. १२ लाख १० हजारवाल्याच्या टॅक्सवर ४ टक्के उपकर धरला तर त्याच्या हातात १२ लाखांपेक्षा चारशे रुपये कमीच राहतात. हे नववीच्या वर्गाला सांगायचंच असं नाही. पण एखादी हुशार मुलगी विचारेल तेव्हा ‘असं कधीच होत नाही’ असं ठोकून देऊ नका. स्लॅबमुळे होत नाही, सवलतीच्या कडेला होतं.

समजलं की नाही हे गणित सोडवायला लावून कळत नाही, सूत्र पाठ असतं. पंधरा दिवसांनी, वही बंद ठेवून, एकच प्रश्न विचारला: पगार १५ लाख ९० हजारांवरून १६ लाख १० हजार झाला, तर घ्यावा की नाकारावा? ज्यांना कळलेलं असतं ते आकडा न काढताच ‘घ्यावा’ म्हणतात आणि कारण चौकटीचं देतात. मग हिशेब करून घ्यायचा. पगारातले आकडे करपात्र उत्पन्न धरले तर वाढलेल्या वीस हजारांपैकी पहिल्या दहावर १५ टक्क्यांनी १,५०० आणि पुढच्या दहावर २० टक्क्यांनी २,०००. टॅक्स साडेतीन हजारांनी वाढला, हातात साडेसोळा हजार जास्त. ज्या मुलांनी अजूनही सगळ्या पगारावर २० टक्के लावले, त्यांना चार्ट आणि कुपनं परत देऊन बसवलं. आकडे सांगून पुन्हा समजावण्यापेक्षा ते लवकर झालं.

चार्ट पुढच्या वर्षी वापरायचे असतील तर टक्के पेनने लिहू नका. वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून चिकटपट्टीने लावा, दर १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतर तपासा. कोपऱ्यात ‘आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली’ एवढं लिहिलेलं असावं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात ‘कर वर्ष’ हा शब्द आहे, तेव्हा ती चिठ्ठीही बदलावी लागेल. कुपनं शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी रबर लावून ठेवा. दहाची आधी हरवतात, थोडी जास्तच कापून ठेवा.